सात भावंडं, एक अंगण आणि रातांब्यांचा आठवडा

मे महिन्यात आजी-आजोबांच्या घरी जमलेल्या चुलत-आते भावंडांचा आठवडा बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी बिघडतो. पहिला दिवस नव्या-जुन्या गप्पांत जातो, दुसरा झाडावर चढण्यात. तिसऱ्या दुपारी मोठी मुलं मोबाइल घेऊन माळ्यावर गेलेली असतात, धाकटी आजीचा पदर धरून भुणभुण करत असतात आणि मधली कशावरून तरी हातघाईवर आलेली असतात. मग घरातले मोठे गाडी काढतात आणि सगळ्यांना कुठेतरी ‘फिरवून’ आणतात. चौथ्या दिवशी तेच. आठवडा संपतो तेव्हा मुलांपेक्षा आजी-आजोबा जास्त थकलेले असतात.

गावात करण्यासारखं काही नसतं म्हणून हे होत नाही. रोज सकाळी ‘आज काय करायचं’ हा प्रश्न नव्याने उभा राहतो म्हणून होतं. ज्या घरात आठवडाभर पुरणारं, रोज थोडं थोडं पुढे सरकणारं एखादं खरं काम चाललेलं असतं, तिथे हा प्रश्न पडत नाही. शेंगा फोडणं, कुरडया घालणं, चिंच साफ करणं, असं देशावर प्रत्येक भागाचं आपापलं काम आहे. कोकणात मे महिन्यात ते रातांब्यांचं असतं, आणि आमसुलं व्हायला लागणारा वेळ मुलांच्या मुक्कामाशी अगदी जुळतो.

उदाहरणादाखल रत्नागिरी तालुक्यातलं, पावस-गणेशगुळे परिसरातलं एक घर डोळ्यांसमोर ठेवू. पुढे अंगण, मागे परसू, गडग्याच्या आत दोन रातांबे आणि एक फणस, समुद्र पायी अर्ध्या तासावर. मुलं सात: चार, सहा, आठ, नऊ, बारा, चौदा आणि सोळा वर्षांची. पुणे, डोंबिवली आणि नाशिकहून आलेली. आजी-आजोबांशिवाय एक काकू किंवा मामा आठवडाभर मुक्कामाला आहेत. ही शेवटची अट सोडू नये. सत्तरीच्या दोन माणसांवर सात मुलं टाकून आई-बाबांनी परत जाणं हे त्या दोघांवर अन्यायाचं आहे.

सोमवारी मुलं येतात तो दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशी काम एकच. ऊन उतरल्यावर आजोबांनी सगळ्यांना घेऊन घराच्या हद्दीभोवती एक फेरी मारायची. गडग्याच्या आत कुणीही एकटं फिरू शकतं. गडग्याबाहेर धाकट्यांनी मोठ्याशिवाय जायचं नाही. विहिरीच्या कठड्याजवळ मोठं माणूस असल्याशिवाय कुणीच जायचं नाही, सोळा वर्षांच्या दादानेही नाही. पंपाच्या खोक्याला हात लावायचा नाही. काजूच्या ओल्या बिया चुलीत टाकून भाजायच्या नाहीत, कारण टरफलातलं तेल उडालं की कातडीवर फोड येतात. ‘जपून रे’ असं दिवसभर ओरडत राहण्यापेक्षा जागेवर उभं राहून दाखवलेले हे चार-पाच नियम मुलं पाळतात. पोहायला शिकण्याचा विषयही तिथेच मिटवावा. विहिरीत पोहायला शिकवायचं तर चांगलं पोहणारं माणूस रोज पाण्यात उतरायला हवं, आणि एका वेळी एकाच मुलाकडे लक्ष द्यायला हवं. सात मुलांच्या आठवड्यात ते बसत नाही.

फेरी संपते ती रातांब्याखाली. लालजांभळी, पिकलेली फळं तेवढी घ्यायची. हिरवट असतील ती झाडावरच राहू द्यायची. मोठ्यांनी आकड्याने फांदी हलवायची, धाकट्यांनी खाली पडलेली वेचायची. साधारण पाच किलो फळं जमली की पुरे. जास्त केली तर मुलांचा उत्साह संपतो आणि काम आजीच्या गळ्यात पडतं.

मंगळवारची सकाळ फळं फोडण्याची. सगळ्यांनी जुने कपडे घालायचे, कारण रातांब्याचा डाग कपड्यावरून जात नाही. फळं धुऊन, पुसून घ्यायची. बारा वर्षांपुढच्या तिघांनी सुरीने दोन भाग करायचे. आठ आणि नऊवाल्यांनी बोटाने आतला गर बियांसकट काढून एका भांड्यात टाकायचा. चार आणि सहावाल्यांनी रिकाम्या वाट्या, म्हणजे साली, पोटाची बाजू वर करून सुपात आणि ताटांत मांडायच्या. एकच काम चार वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांत खरोखर वाटलं जातं, असं फार कमी वेळा घडतं. इथे धाकटीचं मांडणं खोटं खोटं नसतं. साल पालथी पडली तर आतून वाळत नाही, हे तिला सांगितलं की ती दादाच्याही चुका काढते.

भांड्यात जमलेल्या गर-बियांत सुमारे पाव किलो जाडं मीठ घालून ढवळायचं. रस सुटतो, तो हा आगळ. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असावं. ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळी चालत नाही, कारण रस आंबट असतो आणि धातूला लागतो. मंगळवारी दिवसभर साली नुसत्याच उन्हात ठेवायच्या. संध्याकाळी त्या गोळा करून आगळात बुडवायच्या, रात्रभर तशाच राहू द्यायच्या आणि बुधवारी सकाळी निथळून पुन्हा उन्हात घालायच्या. हे झालं एक पूट. असं रोज करत शुक्रवारच्या रात्रीपर्यंत चार पुटं होतात आणि शनिवार-रविवार नुसतं ऊन मिळतं. काही घरांत पुटं आणखीही देतात, ती आजी नंतर देईल. दर पुटाला साल काळी पडत जाते, आक्रसते आणि चिवट होते. दाबल्यावर रस सुटत नाही आणि एकमेकींना चिकटत नाहीत, तेव्हा आमसुलं झाली असं समजायचं.

यातली सगळ्यात महत्त्वाची जबाबदारी नऊ वर्षांच्या मुलाला द्यावी. वहीत रोज तीन नोंदी: सकाळी साली उन्हात किती वाजता गेल्या, संध्याकाळी किती वाजता आल्या आणि बुडवण्याआधी वजन किती भरलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. वजन पहिल्या दिवशी झपाट्याने उतरतं, मग रस पिऊन थोडं चढतं, पुन्हा उतरतं. हे चढउतार पाहून प्रश्न विचारायचं वय नेमकं हेच. शिवाय या वयाला दुसरी गरजही असते. भावंडांच्या मेळ्यात सर्वांत जास्त भांडणं आठ ते दहा वर्षांच्या मुलांची होतात. धाकट्यांचे लाड त्यांच्या वाट्याला येत नाहीत आणि मोठ्यांचा अधिकारही नाही. ज्याच्या हातात वही आहे त्याला विचारल्याशिवाय सोळा वर्षांच्या दादालाही सुपाला हात लावता येत नाही. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात.

आभाळ भरून आलं तर काय करायचं हेही आधी ठरलेलं असावं. मेच्या मध्यानंतर कोकणात वळवाची सर कधीही येते. थेंब पडायला लागले की सगळ्यांनी पळत जाऊन सुपं माजघरात आणायची. हा आठवड्यातला सर्वांत आवडता खेळ ठरण्याची शक्यता आहे. त्या दिवशी पूट द्यायचं नाही, पंख्याखाली पसरून ठेवायचं. ओलं राहिलं की बुरशी धरते. सालीवर पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं मात्र नाही. मिठाचे कण बोटाला खरखरीत लागतात आणि आगळ लावला की विरघळतात. बुरशी मऊ, कापसासारखी असते आणि तिला कुबट वास येतो. तशी साल दिसली तर तेवढीच नव्हे, तिला चिकटलेल्या चार-पाचही काढून टाकाव्या.

मंगळवारीच किलोभर साली बाजूला काढून धाकट्यांसाठी एक बरणी भरावी. सालींच्या वाटीत साखर भरायची, थर लावायचे, एकूण साखर सालींच्या दुप्पट. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ती उन्हात ठेवायची आणि रोज सकाळी हलवायची. सात-आठ दिवसांत साखर विरघळून अमृत कोकम तयार होतं. साखर भरताना थोडी पोटात जाणार, तेवढी जास्त मोजून घ्यावी.

कामाच्या वाटणीइतकाच जोड्यांचा प्रश्न नाजूक असतो. एक मोठा आणि एक धाकटा अशी जोडी लावली की आंघोळ, जेवण, चपला शोधणं ही कामं आपोआप होतात. घरोघरी मात्र असं दिसतं की चौदा वर्षांच्या मुलीकडे चार वर्षांची धाकटी सोपवली जाते आणि आठवडाभर ती तिच्याकडेच राहते, तर दादा सायकल घेऊन गावभर फिरतो. म्हणून जोड्या दर दोन दिवसांनी बदलाव्यात आणि दादालाही धाकटीची वेणी घालायला लावावी. मोठ्या दोघांना रोज संध्याकाळी एक तास धाकट्यांपासून पूर्ण सुटी असावी. त्या तासात ते मोबाइल बघत बसले तरी कुणी काही म्हणू नये.

संध्याकाळच्या खेळांत वयाचा फरक सांभाळायची सोय मराठी अंगणात पूर्वीपासून आहे. लगोरी असो की डबा ऐसपैस, सर्वांत धाकटं पोर लिंबूटिंबू असतं. ते पळतं, लपतं, ओरडतं, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांच्या मुलीसाठी हे पुरेसं आहे. सहा वर्षांच्याला मात्र लिंबूटिंबू म्हटलेलं लागतं. त्याच्यासाठी नियम वाकवावा: लगोरीत मोठ्यांनी डाव्या हाताने चेंडू मारायचा, सहावाल्याने लगोरीपासून दोन पावलांवरून. बारा वर्षांच्या पुढच्यांना डाव्या हाताने सात ठिकऱ्या पाडणं खरंच अवघड जातं, त्यामुळे खेळ रंगतो आणि जिंकल्यावर धाकट्यालाही आपण खरोखर जिंकलो असं वाटतं.

दुपारचे बारा ते चार सगळ्यांनी सावलीत. कोकणात मेमध्ये पारा फार चढला नाही तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि मुलं पटकन गळून जातात. जेवणानंतर दीड ते साडेतीन आजी-आजोबांची झोप, आणि ती मोडायची नाही. या वेळात माजघरात पत्ते. गुलामचोर आणि बदाम सात हे डाव सहा वर्षांच्या मुलालाही खेळता येतात. चार वर्षांची कुणाच्या तरी मांडीवर बसून पानं धरते. नाश्त्याला रोज वेगळं काही करण्याचा हट्ट नको. मऊ भात, मेतकूट, भाजलेला पापड एक दिवस, घावणे दुसऱ्या दिवशी, असं आलटूनपालटून चालतं. गुरुवारी फणस फोडावा. हाताला आणि सुरीला आधी खोबरेल लावायचं, म्हणजे चीक चिकटत नाही. गरे खाऊन झाले की आठळ्या धुऊन उकडायच्या, संध्याकाळचं खाणं झालं.

बुधवार समुद्राचा. इथे आजोबांचं गणित मुलांनी शिकून घ्यावं. किनाऱ्यावरच्या घरांत भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. ओहोटी त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी सव्वादहाच्या आसपास. तिथीचा आकडा पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून सुरू होतो. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण मुलांना घेऊन किती वाजता निघायचं हे ठरवायला तेवढं पुरतं. हा आठवडा वद्य चतुर्थीला सुरू झाला असं धरलं तर बुधवारी षष्ठी येते. साडेआठला घरून निघावं, नऊला किनाऱ्यावर, पावणेअकराला परतीला लागावं.

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांत पाणी साठतं, त्यात लहान खेकडे, शंखात राहणारे खेकडे आणि छोटे मासे दिसतात. खडकांवरची कालवं धारदार असतात, म्हणून मागून पट्टा असलेल्या चपला हव्यात. जिवंत प्राणी उचलून घरी आणायचा नाही, रिकामे शिंपले आणावेत. गुडघ्याच्या वर पाण्यात कुणी जायचं नाही. ओहोटीचं पाणी आत खेचतं, हे किनाऱ्यावरचं प्रत्येक माणूस सांगतं आणि पाहुण्यांना ते वेळ निघून गेल्यावर पटतं. मोठं माणूस खडकावर बसून फोटो काढत असेल तर ते राखणीला नाही असंच समजावं.

तिथीचा हा धागा रात्री पुढे नेता येतो. सोमवारी संकष्टी असल्यामुळे आजीचा उपास चंद्रोदयाला सुटतो. मुलं चंद्राची वाट बघत ओटीवर बसतातच. त्याची वेळ नऊवाल्याच्या वहीत लिहावी. पुढच्या रात्री चंद्र सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्या पुढच्या रात्री आणखी तेवढाच. भरतीही रोज जवळपास तेवढीच मागे सरते. दोन्ही गोष्टी एकाच चंद्रामुळे होतात हे मुलांनी आपल्या वहीत पाहिलं की ते विसरत नाहीत. शनिवारी, नवमीला, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. त्यामुळे नऊ वाजता आकाश काळंभोर मिळतं. उत्तरेला उंचावर सप्तर्षी, त्यांच्या शेपटीचा बाक पुढे नेला की नारिंगी स्वाती, तसंच पुढे गेलं की चित्रा. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती कुणाला दिसते याची पैज लावावी.

रात्री अंगणात बसताना टॉर्च आणि बंद चपला हव्यातच. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप आढळतो आणि लाल विंचूही. चादर झटकून अंथरायची, बूट आपटून घालायचे. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जायचं. विंचवाचा दंशही मुलांना जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन हे औषध विंचूदंशावर वापरून कोकणात असंख्य जीव वाचवले. या कामाचा मोठा वाटा असलेल्या त्यांच्या वैद्यकसेवेसाठी त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेवर मिळायला हवं. म्हणून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर सोमवारीच भिंतीवर लिहून ठेवावा.

शुक्रवारी मुलांची मुद्दाम फाटाफूट करावी. सगळ्यांना सगळीकडे नेण्याचा आग्रह चुकीचा आहे. चार वर्षांच्या मुलीला संग्रहालयात कंटाळा येतो आणि तिच्यामुळे सोळा वर्षांच्याला तिथून लवकर निघावं लागतं. बारा, चौदा, सोळा या तिघांना मामाबरोबर रत्नागिरीला पाठवावं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून भारतात आणलं आणि पुढे रत्नागिरीत ठेवलं. १९१० मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात तो १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. राजवाडा आजही उभा आहे. इतक्या लांबच्या राजाला नेमकं इथे का ठेवलं, यावर एसटीत परतीच्या वाटेवर गप्पा रंगतात. घरी उरलेल्या चौघांना त्या दिवशी आजी-आजोबा पूर्ण मिळतात. सुपं आत-बाहेर करायचं राज्य त्यांचंच, आणि संध्याकाळचं पूटही त्यांनीच द्यायचं.

शनिवारी सकाळी काहीही ठरवू नये. सहाव्या दिवशी मुलांना आपापले खेळ सापडलेले असतात, त्यांत मोठ्यांनी पडायचं कारण नसतं.

रविवारी परतीच्या गाडीआधी वाटणी. आमसुलं अजून किंचित ओलसर वाटली तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेऊ नयेत, वाटेतच त्यांना पाणी सुटतं. कागदात किंवा सुती फडक्यात बांधून न्यावीत आणि घरी गेल्यावर दोन दिवस खिडकीतलं ऊन द्यावं. अमृत कोकमाला अजून दोन-तीन दिवस लागणार असतात. रस तीन स्टीलच्या डब्यांत वाटून, डबे सरळ उभे ठेवून नेता येतो. साली रसातच राहू द्याव्यात. घरी साखर पूर्ण विरघळली की गाळून बाटलीत भरायचं. पेलाभर गार पाण्याला तीन-चार चमचे रस, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. उरलेल्या साली फेकू नयेत, पुढच्या आमटीत घालाव्यात, मात्र तीत गूळ घालायचा नाही.